गेम अडखळतो तेव्हा फोनची पाठ चाचपा: थर्मल थ्रॉटलिंगची एक तक्रार, दोन वेगळे बिघाड

ग्वाल्हेरात एप्रिल संपत आला की माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून यायला लागते. बीजीएमआय सुरुवातीला झकास चालतं, मग दहा-बारा मिनिटांनी नेमका नेम धरताना चित्र अडखळतं, स्क्रीनचा उजेड आपोआप उतरतो आणि चार्जर लावलेला असेल तर चार्जिंगही रेंगाळतं. फोन पंख्याखाली ठेवला की थोड्या वेळाने पुन्हा ठीक. दुसऱ्या दिवशी तेच. यानंतरचा प्रश्नही ठरलेला असतो: "दादा, आता गेमिंगवालाच फोन घेऊ का?"

घ्यायचा तर जरूर घ्या, पण आधी दोन गोष्टी बघा. गेम सुरू केल्यापासून किती वेळाने अडखळतो, आणि त्या क्षणी फोनची पाठ कुठे आणि किती गरम आहे. एवढ्यावरून निम्म्याहून जास्त निदान होतं. उशिरा अडखळणारा आणि पाठ पोळणारा फोन बहुतेक वेळा निरोगी असतो, त्याला फक्त उष्णता बाहेर टाकायला जागा मिळत नाही. दोन मिनिटांत अडखळणारा आणि पाठ जेमतेम कोमट असलेला फोन मात्र आतून बिघडलेला असतो. दोघांचा इलाज अगदी वेगळा आहे. नवा गेमिंग फोन, क्लिपवाला कूलर, फ्रेम रेट कमी करणं हे सगळं पहिल्यालाच लागू पडतं.

नेटवर्कचा अडथळा आधी बाजूला काढा. खेळाडू एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारल्यासारखे दिसत असतील, पण तुमचा स्वतःचा कॅमेरा फिरवताना चित्र गुळगुळीत फिरत असेल, तर दोष पिंगचा. कॅमेरा फिरवतानाच झटके बसत असतील तर पुढे वाचा.

फोन किती उष्णता टाकू शकतो

मोठ्या फोनची पुढची आणि मागची बाजू मिळून साधारण २४० चौरस सेंटीमीटर होते. हवा स्थिर असताना अशा पृष्ठभागावरून, दर चौरस मीटरला आणि तापमानातल्या दर अंशाच्या फरकाला, सुमारे १० वॉट उष्णता जाते. गुणाकार केला तर अख्खा फोन एकसारखा तापला तरी हवेपेक्षा जितके अंश तो गरम, तितके पाव वॉट तो बाहेर टाकतो. हिशेब ढोबळ आहे, पण कामाला पुरतो.

बहुतेक फोन पाठीचं तापमान ४३ अंशांच्या आसपास गेलं की चिपचा वेग उतरवू लागतात. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. हे तुमच्या हातासाठी आणि बॅटरीसाठी असतं. चिप स्वतः ८०-९० अंश आरामात सोसते. आता खोली २५ अंशांची असेल तर १८ अंशांचा फरक मिळतो, म्हणजे साधारण सव्वाचार वॉट बाहेर जातात. कूलर लावलेल्या ३० अंशांच्या खोलीत तीन वॉट. आणि मे महिन्याच्या दुपारी वीज गेली, खोली ३८ अंशांवर पोचली, की उरतो जेमतेम सव्वा वॉट. जड गेम खेळताना स्क्रीन, चिप आणि मोडेम मिळून ५ वॉटच्या आसपास खातात आणि ते जवळजवळ सगळे उष्णतेतच संपतात. टाकीत नळ मोठा आणि निचऱ्याचं भोक लहान, म्हणजे टाकी कधीतरी भरणारच. प्रश्न फक्त कधी भरणार एवढाच.

तेही काढता येतं. दोनशे ग्रॅमच्या फोनला एक अंश तापवायला सुमारे १७० ज्यूल लागतात. ५ वॉट सतत येत राहिले तर ४३ अंश गाठायला २५ अंशांच्या खोलीत वीस-पंचवीस मिनिटं, ३० अंशांत अकरा-बारा आणि ३८ अंशांत तीन मिनिटं लागतात. म्हणून जो फोन जानेवारीत तासभर खेळवतो तोच मेमध्ये "खराब" होतो. सॉफ्टवेअर अपडेटनेच बिघडला असं सांगणारे पुष्कळ भेटतात. कधी ते खरंही असतं, पण आधी खोलीचं तापमान विचारून घ्यावं.

यातून चाचणीचा एक नियम निघतो. दुपारच्या तापलेल्या खोलीत निदान करू नका, तिथे निरोगी फोनही तीन मिनिटांत पडतो आणि दोन्ही बिघाड सारखेच दिसतात. पहाटे, किंवा एसी असलेल्या खोलीत, २५-२६ अंशांना चाचणी घ्या.

गेमिंग फोनमध्ये नेमकं वेगळं काय असतं

चिप तीच असते. त्याच वर्षीच्या साध्या महागड्या फोनमध्ये जी स्नॅपड्रॅगन असते तीच गेमिंग फोनमध्ये बसवलेली असते. फरक आहे तो चिपपासून हवेपर्यंतच्या वाटेत.

साध्या फोनमध्ये चिपवर धातूचं झाकण, त्यावर थर्मल जेलचा थेंब, मग ग्राफाइट शीट आणि पुढे अ‍ॅल्युमिनियमची चौकट अशी वाट असते. ग्राफाइट उष्णता आडवी फार छान पसरवतं, पण जाडीतून उभी नेण्यात ते कित्येक पटीने कमी पडतं. त्यामुळे चिप जिथे असते, म्हणजे बहुधा कॅमेऱ्याच्या शेजारी वरच्या भागात, तिथेच पाठ जास्त तापते. खालचा बॅटरीचा भाग थंडच राहतो. मी वर जो हिशेब केला तो अख्खा फोन एकसारखा तापला असं धरून. साध्या फोनमध्ये वरचा कोपरा आधीच ४३ ला पोचतो आणि वेग उतरतो, उरलेली पाठ न वापरताच.

व्हेपर चेंबर इथे उपयोगी पडतं. हा तांब्याचा पातळ, हवा काढून बंद केलेला पोकळ पत्रा असतो. आत थोडंसं पाणी आणि बारीक जाळी. चिपजवळ पाण्याची वाफ होते, थंड टोकाकडे जाऊन तिचं पुन्हा पाणी होतं आणि जाळीतून ते परत येतं. त्यामुळे पाठीचा बराच मोठा भाग कामाला लागतो. मात्र चेंबर उष्णता फक्त पसरवतं, बाहेर टाकत नाही. बाहेर टाकण्याचं काम शेवटी हवेचंच. म्हणून खोक्यावर चेंबरचं क्षेत्रफळ किती मोठं लिहिलंय यावर फार जीव टाकू नये. ३८ अंशांच्या खोलीत ते सव्वा वॉटचं गणित चेंबरने बदलत नाही.

ते बदलतं वाऱ्याने. २०१९ च्या रेडमॅजिक ३ मध्ये फोनच्या आतच छोटा पंखा आला. असूसने २०१८ च्या पहिल्या रॉग फोनपासून बाहेरून लावायचा पंखा दिला, २०२१ च्या रॉग फोन ५ मध्ये बॅटरी दोन भागांत तोडून चिप मधोमध बसवली आणि २०२२ च्या रॉग फोन ६ बरोबरच्या कूलरमध्ये पेल्टिअर, म्हणजे वीज दिली की एका बाजूने थंड होणारी चकती, आणला. वारा खेळता असला की तेवढ्याच पाठीवरून दोन-तीन पट उष्णता जाऊ शकते. पण पंखा खोलीतली हवाच फुंकतो. हवा ४० अंशांची असेल तर ४३ अंशांच्या पाठीला तिचा उपयोग थोडाच. पेल्टिअर मात्र खोलीपेक्षा थंड होऊ शकतो, त्याचे फायदे-तोटे पुढे येतील.

आणखी एक फरक जाहिरातीत दिसत नाही. गेमिंग फोनचा खेळाचा मोड बऱ्याचदा पाठ जास्त तापू देतो. वेग टिकतो, बोटं भाजतात. दोन फोनची तुलना करताना फ्रेम रेटबरोबर पाठीचं तापमानही बघावं ते यासाठीच.

आकडे कसे बघायचे

अँड्रॉइड १० पासून फोन स्वतःची तापण्याची पायरी सांगतो. अँड्रॉइड ११ किंवा पुढचा फोन असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समधून वायरलेस डिबगिंग चालू करा आणि एकदा कॉम्प्युटरशी जोडून घ्या. केबल लावू नका, कारण केबल लावली की फोन चार्ज होतो आणि चार्जिंगची उष्णता मोजमापात मिसळते. मग कॉम्प्युटरच्या टर्मिनलमध्ये, adb हे अँड्रॉइडचं साधन वापरून, या दोन आज्ञा द्या:

```
adb shell dumpsys thermalservice
adb shell dumpsys battery
```

पहिल्या आज्ञेच्या उत्तरात अशा ओळी शोधा:

```
Thermal Status: 2
Temperature{mValue=43.1, mType=3, mName=skin, mStatus=2}
```

`mType` मध्ये 0 म्हणजे सीपीयू, 1 जीपीयू, 2 बॅटरी आणि 3 पाठ. `mName` कंपनीनुसार बदलतं. `Thermal Status` 0 ते 6 असतं. 0 म्हणजे निवांत, 3 पासून त्रास चांगलाच जाणवतो आणि 6 म्हणजे फोन बंद होण्याच्या बेतात. दुसऱ्या आज्ञेत `temperature: 412` दिसलं तर ते ४१.२ अंश.

गेम सुरू करण्याआधी एकदा आणि मग दर दोन मिनिटांनी नोंद घ्या. पाठीचा आकडा हा बहुधा आतल्या सेन्सरवरून काढलेला अंदाज असतो, म्हणून बोटांनी पाठ चाचपाच. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, पण करोनात घेतलेली कपाळाची बंदूक इथे चालत नाही. तिची धाव साधारण ४२-४३ अंशांवर संपते, आणि आपल्याला नेमकं त्याच्या पुढचं बघायचं असतं.

दोन भावांचे दोन फोन

दौलतगंजातल्या एका मराठी घरातले दोन मावसभाऊ परवा आले. दोघांच्या फोनमध्ये चिप एकच. धाकट्याकडे साधा फोन, थोरल्याकडे आत पंखा असलेला गेमिंग फोन. धाकटा रुसलेला. "काका, याचा चाळीस मिनिटं चालतो, माझा दोन मिनिटांत बसतो. आईला सांगा ना की हा फोन गेला." मावशीबाई शेजारीच उभ्या होत्या, त्यामुळे खर्चाचा विषय मी लांबणीवर टाकला.

एसीच्या खोलीत, २६ अंशांना चाचणी घेतली. साध्या फोनला दुसऱ्या मिनिटालाच झटके सुरू झाले. त्या वेळी पाठ ३५ अंश, बॅटरी ३३ आणि सीपीयूचे सेन्सर ९५ च्या वर. इथेच उत्तर मिळालं. पाठ थंड असताना चिप उकळतेय याचा अर्थ उष्णता चिपमधून बाहेर येतच नाही. फोन कधी उघडला होता का, विचारलं. दिवाळीत एका दुकानातून बॅटरी बदलून आणली होती.

उघडल्यावर अपेक्षेप्रमाणे चिपवरच्या झाकणावरचं जेल खरवडून पुसलेलं, पुन्हा लावलेलंच नाही. ग्राफाइट शीट काढताना फाटून एका बाजूला दुमडलेली. मध्ये अर्धा मिलिमीटर हवा, आणि स्थिर हवेइतका उष्णतेचा शत्रू दुसरा नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा साफ केली, वीज न वाहणारं थर्मल जेल भरलं, नवी ग्राफाइट शीट सपाट बसवली आणि झाकणाचे सगळे स्क्रू परत लावले. घाईत एखादा स्क्रू राहिला तरी झाकण नीट दाबलं जात नाही. जेलऐवजी पॅड वापरणाऱ्यांनी जाडी मोजून घ्यावी. पातळ पॅड टेकत नाही, जाड पॅड बोर्डाला किंवा डिस्प्लेला रेटा देतो.

त्याच खोलीत पुन्हा चाचणी घेतली. आता पाठ वरच्या कोपऱ्यात हळूहळू तापत गेली, सीपीयू ८० च्या घरात राहिला आणि पहिला झटका पंधरा मिनिटांच्या पुढे गेला. धाकट्याला हे पुरेसं वाटलं नाही, पण साध्या फोनने यापेक्षा फारसं करणं अपेक्षित नाही. इथून पुढचा खेळ वॉट वाचवण्याचा.

थोरल्याच्या फोनचीही एक तक्रार होतीच, पंखा किरकिरतो आणि हल्ली लवकर तापतो. हवेच्या जाळीवर कापसासारखी धूळ बसली होती. आपल्याकडे लू सुटली की बारीक धूळ बंद खिडकीतूनही आत येते. मऊ ब्रशने जाळी झाडली आणि बाहेरून हलका वारा मारला. कॉम्प्रेसरचा जोराचा झोत मारू नका, पंख्याची पाती नको तितक्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. शिवाय खेळताना त्याचं बोट हवेच्या तोंडावरच यायचं. तेवढं सांगितलं.

वॉट कुठे वाचतात

पहिला चार्जर. वेगाने चार्ज होताना बॅटरी आणि चार्जिंगचं सर्किट मिळून एक-दोन वॉट सहज उष्णतेत घालवतात. खोलीने एकूण तीनच वॉट दिले असतील तर गेमसाठी उरलं काय? बायपास चार्जिंग असेल तर वापरा, त्यात वीज बॅटरीला वगळून थेट फोनला जाते. गेमिंग फोनमध्ये ते बहुधा असतंच. सॅमसंगच्या बऱ्याच वरच्या फोनमध्ये गेम बूस्टरमध्ये `Pause USB Power Delivery` नावाने आहे, फक्त पीडी चार्जर हवा आणि बॅटरी २० टक्क्यांच्या वर हवी.

दुसरा फ्रेम रेट. चिपचा वेग वाढवताना व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणून शेवटचा थोडासा वेग सगळ्यात महाग पडतो. सेकंदाला ९० फ्रेमवरून ६० वर आलात, म्हणजे बीजीएमआयमध्ये `Extreme`, आणि ग्राफिक्स `Smooth` ठेवलंत, तर पाठ मर्यादेखालीच थांबण्याची शक्यता खूप वाढते. दुपारी ४० वाला `Ultra`. पाच मिनिटं ९० आणि मग वरखाली होणारे ४५ यापेक्षा सलग ६० वर नेम चांगला बसतो. उजेड थोडा उतरवा, आणि घरात सिग्नल कमकुवत असेल तर मोबाईल डेटाऐवजी वायफाय घ्या. मोडेम टॉवर शोधत राहिला की तोही तापतो.

तिसरा वारा, जो घरात फुकट आहे. डेझर्ट कूलरच्या झोतात बसून खेळा. २८-२९ अंशांचा वेगवान वारा पाठीवरून गेला की निचरा दुप्पट-तिप्पट होतो. पाण्याचे तुषार उडत असतील तर मात्र दोन हात लांब.

क्लिपवाला कूलर आणि कव्हर

कव्हर काढा हा सल्ला सगळे देतात. नुसत्या हवेत पातळ टीपीयू कव्हरचा फरक फारसा नसतो. दोन मिलिमीटर टीपीयूचा अडथळा हवेच्या अडथळ्याच्या दहाव्या हिश्शाइतका. पण क्लिपवाला पेल्टिअर लावला की गणित उलटतं. त्याची पट्टी चार बाय चार सेंटीमीटरची असते आणि एवढ्या लहान जागेतून, त्या कव्हरमधून, ५ वॉट न्यायचे तर कव्हरच्या दोन बाजूंत तीस अंशांचा फरक लागतो. म्हणजे पेल्टिअरने कमावलेलं सगळं कव्हरने खाल्लं. कूलर लावायचा तर कव्हर काढूनच लावा.

जागाही बघा. साध्या फोनवर लोक तो मधोमध चिकटवतात, म्हणजे बॅटरीवर. मग बॅटरीचा आकडा छान उतरतो आणि झटके तसेच. पाच मिनिटं खेळून बोटाने सगळ्यात गरम जागा शोधा आणि कॅमेऱ्याच्या उंचवट्याला न अडखळता जितकं जवळ जाता येईल तितकं जा.

आता दव. बाहेर ४३ अंश आणि कोरडं असतं तेव्हा दवबिंदू ११ अंशांच्या आसपास असतो, पट्टीवर पाणी सहसा धरत नाही. डेझर्ट कूलर चालू असलेल्या खोलीत, ३० अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेला, तो २० वर येतो. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के असताना २६ वर. पेल्टिअरची पट्टी याहून थंड झाली की फोनच्या पाठीवर थेंब जमतात आणि स्पीकर, माईक, सिमच्या फटीकडे सरकतात. आतला ओलाव्याचा कागद रंगला की वॉरंटीचा वाद सुरू. म्हणून फोन तापल्यावरच पेल्टिअर चालू करा, गेम संपला की लगेच बंद करा आणि पावसाळ्यात सर्वांत कमी पायरीवर ठेवा. बर्फाची पिशवी आणि फ्रीज यांचा विचारही नको, तिथे हाच प्रकार फोनच्या आतल्या बाजूला होतो.

एवढं करूनही २५ अंशांच्या खोलीत, चार्जरशिवाय, ६० फ्रेमवर फोन पाच मिनिटांत पडत असेल आणि पाठ कोमटच असेल, तर तो उघडून घ्यावा लागतो. दुरुस्ती करणाऱ्याला जेल आणि ग्राफाइट शीट परत बसवणार का, हे आधी विचारा, आणि झाकण लावायच्या आत ते बघून घ्या. पाठ फुगलेली किंवा कडेने उचललेली दिसली तर मात्र कुठलीही चाचणी घेऊ नका, चार्जरही लावू नका. फुगलेली बॅटरी आधी बाहेर काढायची, गेमचं नंतर बघू.